फोडांचे वय

फेब्रुवारी-मार्च आला की लातूरच्या शिकवणी वर्गांच्या वसतिगृहांत एखाद्या मुलाला ताप भरतो, दुसऱ्या दिवशी छातीवर पाण्याचे फोड दिसतात आणि खोलीतल्या बाकी मुलांच्या घरचे फोन सुरू होतात. परीक्षा तोंडावर आलेली असते आणि कांजिण्यांचा हंगामही नेमका हाच. नांदेडकडच्या खेड्यांत याच दिवसांत दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो, फोडणीचा वास बंद होतो, आजारी पोराला वेगळी चटई मिळते. तिथे निदान बहुधा आजीच करते आणि ते बहुधा बरोबर असते. ताप आणि पाण्याचे फोड एकत्र दिसले तर आज या भागात कांजिण्यांचीच शक्यता सर्वांत मोठी, हे आजीला पुस्तक न वाचता ठाऊक असते.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला मात्र त्याचे कारण एका ओळीत शिकवले जाते. देवीचे फोड सगळे एकाच वयाचे, कांजिण्यांचे फोड मिसळीचे. तोंडी परीक्षेत ही ओळ म्हणता आली की गुण मिळतात. पुढे तो विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो. समोर तापलेला रुग्ण आणि मोबाइलवर कोणीतरी पाठवलेला पाठीचा फोटो असतो, आणि ती ओळ त्या फोटोला लावली जाते. खरी अडचण इथून सुरू होते, कारण ही ओळ फोडाच्या रूपाबद्दल नाहीच. ती वेळेबद्दल आहे, आणि फोटोत वेळ दिसत नाही.

देवी तर गेली, मग हा खटाटोप कशासाठी? देवीच्या विषाणूचे नातलग गेलेले नाहीत, म्हणून. मंकीपॉक्स, ज्याला आता एमपॉक्स म्हणतात, 2022 च्या जुलैमध्ये केरळमध्ये परदेशातून आलेल्या रुग्णाबरोबर भारतात प्रथम सापडला. त्यानंतर फोडांचे वय पाहण्याची जुनी कसोटी पुन्हा सूचनापत्रकांत आली. कसोटी जुनी, शत्रू नवा. त्यामुळे ती मुळात कशावर उभी आहे आणि कुठे ढासळते, हे पाहणे भाग आहे.

देवीचा विषाणू श्वासातून शिरतो. साधारण दहा ते चौदा दिवस तो शरीरात गुपचूप वाढतो आणि मग रक्तातून एकाच मोठ्या लोटात सगळीकडे पसरतो. तो लोट आला की जोराचा ताप चढतो, डोके आणि कंबर ठणकते, माणूस अंथरुणाला खिळतो. याच लोटातले विषाणू त्वचेत रुततात. सगळे जवळजवळ एकाच वेळी रुतल्यामुळे ते एकाच चालीने वाढतात. दोन ते चार दिवस ताप, मग सपाट लाल ठिपके, त्यांच्या कडक गाठी, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पाणी, सातव्या दिवसाच्या सुमारास पू आणि दोन आठवड्यांच्या आसपास खपल्या. कांजिण्यांचा विषाणू मात्र रक्तात अनेक दिवस हप्त्याहप्त्याने उतरतो. त्यामुळे तीन ते पाच दिवस रोज नवी पुटकुळी येते आणि प्रत्येक पुटकुळी घाईने आपले आयुष्य उरकते. ठिपक्यापासून पाण्याच्या थेंबापर्यंत काही तास, आणि एक-दोन दिवसांत खपली. एकाच दिवशी पेरलेले सोयाबीनचे रान सगळे एकदम फुलावर येते. मिरचीच्या झाडावर फूल, हिरवी मिरची आणि लाल मिरची एकाच वेळी लटकत असते. दोन्ही पुरळांतला फरक एवढाच आहे, पण तो समजायचा तर रान कधी पेरले ते विचारावे लागते.

म्हणून मूळ नियमात एक अट आहे, जी पाठांतरात गळून पडते. फोड एकाच वयाचे असायला हवेत ते शरीराच्या कोणत्याही एका भागावर. पूर्ण अंगाची तुलना करायची नसते. देवीचे पुरळ आधी तोंडात आणि चेहऱ्यावर, मग हातांवर, शेवटी पायांवर उतरायचे. त्यामुळे चेहऱ्यावर पू धरलेला असताना पायावर अजून पाणीच असू शकायचे. चेहरा आणि पाय शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ती मिसळ वाटली असती आणि देवीच्या रुग्णावर कांजिण्यांचा शिक्का बसला असता. म्हणून एक कोपर ते मनगट घ्यायचे, किंवा पाठीवरची तळव्याएवढी जागा घ्यायची, आणि तेवढ्यातच पाहायचे.

दुसरी अट दिवसाची. कांजिण्यांच्या पहिल्या दिवशी सगळ्या पुटकुळ्या नव्याच असतात. पाणी अजून धरायचे असते. त्या वेळी पाहिले तर सगळे एकाच वयाचे दिसते. आठव्या दिवशी पाहिले तर सगळ्याच खपल्या, पुन्हा एकच वय. मिसळ दिसते ती मधल्या काही दिवसांतच. म्हणजे पुरळाच्या पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवसांत ही कसोटी मुकी असते, आणि खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येतो तो नेमका या दोहोंपैकी एका वेळी. एक तर पहिल्या भीतीने पहिल्याच दिवशी, नाही तर अंगारा-लिंब होऊन गेल्यावर.

अशा दिवशी निदान चुकले तर त्याची किंमत काय असू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सोमालियाचे आहे. मर्का गावच्या रुग्णालयात अली माओ मालिन नावाचा तरुण स्वयंपाकी होता. 12 ऑक्टोबर 1977 रोजी देवीच्या दोन लहान रुग्णांना घेऊन निघालेल्या गाडीला रस्ता दाखवायला तो काही मिनिटे सोबत बसला. 22 ऑक्टोबरला त्याला ताप आला. रुग्णालयाने हिवतापाचे उपचार केले. 26 तारखेला पुरळ उठले तेव्हा निदान बदलले, पण ते कांजिण्या असे झाले आणि त्याला घरी सोडण्यात आले. तो दिवस पुरळाचा पहिलाच होता. फोडांच्या वयावरून काही ठरणे शक्यच नव्हते, पण कॅलेंडर समोर होते. ताप 22 तारखेचा, पुरळ 26 चे. कांजिण्यांत पुरळ तापाबरोबरच येते किंवा एखाद्या दिवसाने. चार दिवस झोपवून ठेवणारा ताप आधी आणि पुरळ नंतर, ही कांजिण्यांची रीत नाही. शेवटी एका परिचारकाने खबर दिली, निदान दुरुस्त झाले आणि संपर्कात आलेल्या माणसांचा कसून पाठपुरावा झाला. सुदैवाने मालिनकडून कोणालाही लागण झाली नाही. निसर्गात देवी झालेला तो जगातला शेवटचा माणूस.

देवी की कांजिण्या, हाच प्रश्न त्याआधी आपल्याकडे घरोघर विचारला जात होता. 1974-75 मध्ये शोधपथके देशभर हिंडत होती. त्यांच्या हातात जागतिक आरोग्य संघटनेचे देवी ओळखायचे कार्ड असायचे, त्यावर देवीने भरलेल्या बालकाचे चित्र. चित्र दाखवून विचारायचे, असे कोणी पाहिले का? खबर देणाऱ्याला बक्षीस होते, ते वाढत वाढत शेवटी 1,000 रुपयांपर्यंत गेले. मे 1975 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण आसाममध्ये सापडला आणि एप्रिल 1977 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त असल्याचे मान्य केले. बक्षिसासाठी आलेल्या खबरांत कांजिण्यांचा भरणा मोठा असणे स्वाभाविकच होते. म्हणून कांजिण्यांची साथ सापडली की ती खरेच कांजिण्यांची आहे ना, याची खातरजमा करणे हे शोधपथकांचे मोठे काम होते. मोठ्या माणसाचा कांजिण्यांनी मृत्यू झाला असे कळले तर संशय आणखी वाढायचा.

हा फरक नीट मांडणारे पहिले नाव लंडनच्या विल्यम हेबरडेन यांचे. 1767 मध्ये त्यांनी कांजिण्या हा वेगळा आजार असल्याचे वैद्यांसमोर मांडले. त्यांची काळजी व्यावहारिक होती: कांजिण्या होऊन गेलेला माणूस स्वतःला देवीपासून सुरक्षित समजतो आणि मग देवीच्या रुग्णाजवळ निर्धास्त बसतो. निदानाचा हेतू तेव्हाही नाव देणे हा नव्हता. पुढे कोणी कोणापासून दूर राहायचे, हा होता.

आता या कसोटीला कोणी खरोखर मोजून पाहिले का? पाहिले, आणि ते मोजमाप भारतातल्या देवी निर्मूलनात काम केलेल्याच एका माणसाने केले. डॉ. झ्डेनेक येझेक हे चेकोस्लोव्हाकियाचे साथरोगतज्ज्ञ जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारताच्या मोहिमेत होते. या मोहिमेवर 1979 मध्ये निघालेल्या अधिकृत ग्रंथाच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे. पुढे ते आफ्रिकेत मंकीपॉक्सच्या मागे लागले. हा आजार माणसात प्रथम सापडला तोच मुळी 1970 मध्ये, झाईरमध्ये देवीचा शोध सुरू असताना. देवी संपली तरी देवीसारखे दिसणारे रुग्ण सापडत राहिले, त्यातून तो उजेडात आला.

येझेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये झाईरच्या रुग्णांचे निष्कर्ष छापले. कांजिण्या म्हणून निदान झालेल्या 730 रुग्णांच्या नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या 3.3 टक्के जणांना, म्हणजे सुमारे 24 जणांना, प्रत्यक्षात मंकीपॉक्स निघाला. 'कांजिण्यांसारखे, पण जरा वेगळे' अशी नोंद झालेल्यांत हे प्रमाण 7.3 टक्के होते. खरी गोष्ट पुढे आहे. निदान चुकलेल्या या रुग्णांपैकी 46 टक्क्यांच्या अंगावर एकाच भागात वेगवेगळ्या वयाचे फोड होते. मंकीपॉक्स असूनही मिसळ. 49 टक्क्यांत पुरळ कुठे जास्त आणि कुठे कमी, हे ठरवता येत नव्हते, आणि 17 टक्क्यांत ते कांजिण्यांसारखे धडावरच जास्त होते. म्हणजे कसोटी नेहमी खरी ठरली, असे नाही. ज्यांना चकवले, त्यांना चकवण्यात मोठा हात याच कसोटीचा होता.

2022 च्या जागतिक साथीत हे आणखी ठळक झाले. अनेक रुग्णांत ताप आधी आलाच नाही. आधी जननेंद्रियांवर किंवा तोंडाभोवती मोजके फोड आले, मग इतरत्र, आणि वयही एकसारखे नव्हते. याचा अर्थ कसोटी टाकून द्यावी असा नाही. तिला एकटे सोडू नये, एवढाच. फोड सगळे एका वयाचे, खोल, बोटाला छर्ऱ्यासारखे टणक लागणारे, मधे खळगा पडलेले, हातापायांच्या तळव्यांवरही असलेले, आणि आधी दोन-तीन दिवस ताप, असे सगळे जुळले तर संशय पक्का धरावा. पण फोड मिसळीचे दिसले म्हणून एमपॉक्स नाही, असे उलटे वाचणे चूक. पहिला निष्कर्ष दार उघडतो. दुसऱ्या निष्कर्षाने दार बंद करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

समजा, मार्चअखेरीस ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेला पंचविशीतला तरुण कंधार तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात येतो. अंगावर हळदीचा लेप, सोबत आई.

"ताप आधी आला का पुरळ आधी?" डॉक्टर विचारतात.

"काल रातच्याला कणकण होती, साहेब. सकाळी आंघोळीला बसला तर छातीवर दोन-चार आलेले."

या एका उत्तराने पारडे बरेच कांजिण्यांकडे झुकते. तरी पुढची तपासणी कपडे काढून, दिवसाच्या उजेडात करावी. सावळ्या कातडीवर फोडाभोवतीची लाली नीट दिसत नाही. त्यामुळे पुस्तकात लिहिलेला गुलाबी पाकळीवरचा दवबिंदू इथे शोधू नये. तिरपा प्रकाश पाडून फुगवटा पाहावा आणि बोटाने चाचपावे. कांजिणीची पुटकुळी वरवरची असते, जरा घासली तरी फुटते. देवीच्या कुळातला फोड कातडीत रुतलेला असतो. हळद-लिंबाचा थर ओल्या कापसाने हळूच पुसावा, कारण वाळलेला लेप खपलीसारखा दिसतो आणि सगळ्या हिशेबात गोंधळ घालतो. मग मांडी, पाठ, तळहात, तळपाय आणि तोंडाची आतली बाजू. शेवटी मान, काख आणि जांघ चाचपायची. एमपॉक्समध्ये तिथल्या गाठी बऱ्याचदा सुजतात, कांजिण्यांत ते ठळक नसते.

त्याच्या पाठीवर तळव्याएवढी जागा निळ्या बॉलपेनने आखायची आणि आतले सगळे मोजून केसपेपरवर लिहायचे: पाच लाल ठिपके, तीन पाण्याच्या पुटकुळ्या, खपली एकही नाही, वेळ सकाळी अकरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. पहिल्या तीन पुटकुळ्या मधे दबून खपलीकडे वळल्या, पाचांपैकी काहींत पाणी भरले आणि रेघेच्या आत दोन नवे ठिपके उगवले, तर ती बहुधा कांजिणीच. उलट, रेघेच्या आत नवे काही नाही आणि सगळे मिळून एकच पायरी चढले, तर नमुना पाठवण्याची वेळ. बॉलपेनची ती रेघ हे जगातले सर्वांत स्वस्त उपकरण असावे, पण कोणत्याही ओपीडीत ते वापरताना दिसत नाही. गर्दी असते, हे खरे.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे निदानासाठी, उपचारासाठी नाही. मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर फुप्फुसांना सूज येण्याचा धोका लहान मुलांपेक्षा बराच जास्त, आणि असायक्लोव्हिरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 24 तासांत सुरू केल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. गरोदर बाईला, धाप लागणाऱ्याला, स्टेरॉइडवर असलेल्याला थांबवून ठेवू नये. आणि ज्याची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, त्याच्या कांजिण्या तळव्यांवरही येतात, दिवसेंदिवस नव्या येत राहतात आणि पुस्तकाशी जुळत नाहीत.

मराठवाड्यात एकाच वयाचे फोड दिसले तर आणखी एक शक्यता विचारायला हवी, आणि ती गोठ्यातून येते. म्हशींना होणारी देवी, बफेलोपॉक्स, हा देवीच्या लसीतल्या विषाणूचाच जवळचा भाऊ. औरंगाबादच्या दुधाळ म्हशींच्या कळपात आलेल्या साथीची नोंद 2006 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आली. पश्चिम महाराष्ट्रातही माणसांना आणि जनावरांना झालेल्या साथी नोंदल्या गेल्या आहेत. म्हशीच्या सडांवर फोड येतात, धार काढणाऱ्याच्या बोटांवर आणि मनगटावर मोजके, मोठे, सगळे एका वयाचे फोड उठतात, काखेत गाठ येते, तापही येतो. दवाखान्यात त्याला कोणी म्हशीबद्दल विचारतच नाही. 1970 च्या दशकाच्या शेवटी देवीची लस बंद झाली. त्यानंतर जन्मलेल्यांच्या हातावर ती गोल खूण नाही आणि या कुळातल्या विषाणूंविरुद्धचे संरक्षणही नाही. ज्यांच्या हातावर खूण आहे, त्यांना म्हशीचा फोड झाला तरी सौम्य होण्याची शक्यता असते. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसांच्या आणि जनावरांच्या डॉक्टरांनी एकमेकांना फोन करण्याची सवय लावली, तर असे निदान जास्त सोपे होईल.

फोडांचे वय शेवटी आणखी एका कामाला येते: रुग्णाला कधी सोडायचे हे ठरवायला. कांजिण्यांचा रुग्ण पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या पुटकुळीवर खपली धरेपर्यंत पसरवतो. त्यामुळे लातूरच्या वसतिगृहातला मुलगा किती दिवसांनी वर्गात बसणार, हे पहिल्या पुटकुळीवरून मोजायचे नसते. सर्वांत लहान, सर्वांत उशिरा आलेली पुटकुळी शोधायची आणि ती वाळली की सोडायचे. बहुधा हे पुरळ उठल्यापासून पाच-सात दिवसांत होते. पालकांना 'आठ दिवस' असा ठोक आकडा हवा असतो, आणि वसतिगृहालाही. पण नव्या पुटकुळ्या पाचव्या दिवसानंतरही येत राहिल्या तर आठ दिवस कदाचित पुरणार नाहीत. एमपॉक्समध्ये मर्यादा याहून कडक: सगळ्या खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत वेगळे राहणे.

आणि पाठीवरची ती रेघ नमुना पाठवण्याच्या निर्णयाकडे गेलीच, तर एका फोडावर भागत नाही. दोन वेगवेगळ्या जागचे फोड निवडायचे. फोडाचे छप्पर, तळ खरवडलेला पॉलिस्टरचा बोळा आणि मिळाली तर खपली, असे वेगवेगळ्या कोरड्या नळ्यांत घालायचे. कोविडच्या काळात सवय झालेले गुलाबी द्रव त्यात ओतायचे नाही, नमुना त्याने पातळ होतो. नळ्या थंड डब्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातात. त्यासोबतच्या कागदावर पहिल्या ओळीत ताप आल्याची तारीख, दुसरीत पुरळ उठल्याची तारीख, आणि नमुना शरीराच्या कोणत्या भागावरून, किती वाजता घेतला ते लिहायचे. नांदेडहून निघणाऱ्या अर्जांत पहिल्या दोन तारखा एकच लिहिल्या जाण्याचा धोका असतो, कारण विचारताना प्रश्न 'कधीपासून आजारी?' असा एकच विचारलेला असतो.